विमानाची वेळ बदलल्याचा मेल कसा वाचावा

विमान कंपनीचा वेळबदलाचा मेल आपण बहुतेक जण वरून खाली वाचत जातो. आधी दिलगिरी, मग ‘परिचालनाच्या कारणांमुळे’ हे ठरलेलं वाक्य, मग नवी वेळ आणि तिच्याखाली मोठं रंगीत बटण: Accept. परतावा हवा असेल तर त्याचा दुवा बारीक अक्षरांत खाली असतो, किंवा ‘इतर पर्याय’ या नावाखाली दडलेला असतो. माणूस कामाच्या गडबडीत असतो, नवी वेळ फारशी वाईट वाटत नाही, बटण दाबलं जातं. दिल्लीहून पुढचं विमान चुकणार आहे हे संध्याकाळी लक्षात येतं, तोवर आपण बदल ‘मान्य’ केलेला असतो आणि आता तिकीट रद्द केलं तर ते आपल्या मर्जीने रद्द केलं असं धरलं जातं.

म्हणून मजकूर नंतर वाचावा. आधी कागद-पेन घेऊन मेलमधल्या तीन वेळा लिहून काढाव्यात: विमान सुटण्याची जुनी वेळ, नवी वेळ आणि हा मेल आपल्याला मिळाला ती वेळ. भारतातल्या देशांतर्गत प्रवासात आपल्याला काय मिळू शकतं, हे बऱ्याच अंशी या तीन वेळांवरच ठरतं. जुन्या आणि नव्या वेळेतलं अंतर म्हणजे बदल किती मोठा ते. मेलची वेळ आणि सुटण्याची जुनी वेळ यांतलं अंतर म्हणजे आपल्याला पूर्वसूचना किती मिळाली ते. दिलगिरी कितीही गोड असो किंवा कोरडी असो, या दोन अंतरांत तिने फरक पडत नाही.

आपल्याकडे हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे आहेत. ‘सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स’ नावाच्या नियमावलीतल्या विभाग 3, मालिका एम, भाग 4 मध्ये विमानात जागा नाकारणं, विमान रद्द होणं आणि विमानाला उशीर होणं या तीन प्रसंगी प्रवाशाला काय द्यायचं ते सांगितलं आहे. 2010 साली हा भाग आला आणि पुढे त्यात बदल होत गेले. परताव्याचे नियम याच मालिकेच्या भाग 2 मध्ये आहेत. तक्रार लिहिताना हे क्रमांक घातले की समोरच्याला कळतं, आपण कशाच्या आधाराने बोलतो आहोत.

या नियमांत ‘वेळ बदलली’ असा वेगळा, ठसठशीत वर्ग नाही. एक तर विमान रद्द झालेलं असतं, नाहीतर त्याला उशीर झालेला असतो. कंपनीच्या मेलमध्ये मात्र ‘सुधारित प्रवास-तपशील’, ‘वेळापत्रकात बदल’ असे मऊ शब्द असतात आणि दोन्ही गोष्टी त्यांत मावतात. आपला बदल यांपैकी कुठला, हे ओळखायची खूण म्हणजे विमानाचा क्रमांक. जुन्या रकान्यातला आणि नव्या रकान्यातला क्रमांक एकच असेल, फक्त वेळ सरकली असेल, तर तो उशीर. क्रमांकच बदलला असेल तर बहुधा आपलं मूळ विमान उडणारच नाही आणि आपल्याला दुसऱ्या विमानात बसवलं आहे. याला साध्या भाषेत रद्द होणं म्हणतात, मेलमध्ये तो शब्द असो वा नसो. शंका असेल तर जुना क्रमांक आणि तारीख कंपनीच्या संकेतस्थळावर ‘फ्लाइट स्टेटस’मध्ये टाकून पाहावी. विमान रद्द दाखवत असेल तर त्या पानाचं छायाचित्र लगेच काढून ठेवावं. ही पानं फार दिवस तशीच राहत नाहीत.

हा फरक महत्त्वाचा का? विमान रद्द झालं असेल तर दुसरं विमान घ्यायचं की पैसे, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. सूचना दोन आठवडे आधी आली असली तरी, आणि दोन आठवडे ते 24 तास या दरम्यान आली असली तरी. नवी वेळ जुन्या वेळेच्या किती जवळ आहे, यावर हा हक्क अडत नाही. उशिराच्या बाबतीत मात्र सहा तासांची रेघ आहे. देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने नवी वेळ मूळ वेळेच्या 24 तासांहून अधिक आधी कळवायची असते आणि सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असा पर्याय द्यायचा असतो. उशीर सहा तासांहून कमी असेल तर हा नियम लागू होत नाही. अशा वेळी कंपनीच्या स्वतःच्या प्रवास-अटी पाहाव्या लागतात, आणि त्या पुष्कळदा नियमापेक्षा उदार असतात. वेळ एक तासापेक्षा जास्त अलीकडे आली किंवा दोन तासांपेक्षा जास्त पुढे गेली तरी फुकट बदल किंवा पूर्ण परतावा, अशा अटी कंपन्या ठेवतात. त्या मेलमध्ये नसतील तर संकेतस्थळावर ‘कंडिशन्स ऑफ कॅरेज’ या नावाखाली सापडतात.

आता एक उदाहरण पूर्ण उलगडून पाहू. आकडे मी बसवलेले आहेत, पण प्रसंग नेहमीचा आहे. पुण्याचं एक जोडपं गुरुवारी सकाळी 6.10च्या विमानाने दिल्लीला निघणार आहे. ते विमान 8.20ला पोचतं, म्हणजे प्रवासाचा छापील वेळ दोन तास दहा मिनिटं. दिल्लीहून 11 वाजता डेहराडूनचं विमान आहे, पण ते वेगळ्या कंपनीचं आणि वेगळ्या पीएनआरवर काढलेलं. मंगळवारी दुपारी 3.40ला मेल येतो: विमान क्रमांक 417 ऐवजी आता 923, सुटण्याची वेळ दुपारी 1.25.

पहिलं अंतर: 6.10 ते 1.25, म्हणजे सव्वासात तास. दुसरं अंतर: मंगळवार दुपारी 3.40 ते गुरुवार सकाळी 6.10, म्हणजे साडेअडतीस तास. क्रमांक बदललेला आहे. तेव्हा हे रद्द झालेलं विमान आहे, आणि सूचना दोन आठवड्यांच्या आत पण 24 तासांच्या आधी आलेली आहे. जोडप्याला पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी आपल्या सोयीचं निवडता येईल. क्रमांक तोच राहिला असता तरी उशीर सहा तासांच्या पलीकडे असल्याने पर्याय मिळालाच असता. रोख भरपाई मात्र मिळणार नाही, कारण सूचना 24 तासांच्या आत आलेली नाही.

हाच मेल बुधवारी सकाळी 9ला आला असता तर? पूर्वसूचना फक्त 21 तास 10 मिनिटांची ठरली असती. विमान रद्द झाल्याची सूचना अशी उशिरा मिळाली, तर परतावा किंवा पर्यायी विमान यांच्याशिवाय भरपाईही देय होते. ती प्रवासाच्या छापील वेळेवर ठरते. एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला 7,500 आणि दोन तासांवरच्या प्रवासाला 10,000. पण यापुढे एक वाक्य आहे, जे बातम्यांच्या मथळ्यांत हरवतं: ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. समजा एका तिकिटाचं मूळ भाडं 4,300 रुपये आणि इंधन आकार 600 रुपये आहे. मग माणशी 10,000 नाही, 4,900 मिळतील. आपल्या तिकिटावरचा हा तपशील आधीच पाहून ठेवला, तर मागणीचा आकडा बरोबर लिहिता येतो आणि कंपनीला तो खोडून काढायला जागा राहत नाही.

भरपाईला दोन मोठे अपवाद आहेत. पूर, दंगल, स्फोट, संप, सरकारी आदेश, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या अडचणी अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई देय नसते. परतावा किंवा पर्यायी विमान मात्र तरीही द्यावंच लागतं. म्हणून मेलमधलं कारण शब्दशः उतरवून ठेवावं. ‘परिचालनाची कारणं’ हा शब्द हवामानाइतका ठोस नाही. कारण तेवढंच लिहिलेलं असेल, तर नेमकं काय घडलं हे लेखी विचारायला हरकत नाही. दुसरा अपवाद प्रवाशाच्या बाजूचा: बुकिंग करताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर भरपाई मिळत नाही.

24 तासांच्या या रेघेचं महत्त्व डिसेंबर 2025 मध्ये देशाने पाहिलं. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळांचे नवे नियम लागू होत असताना इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने कंपनीला सगळे परतावे 7 डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत पूर्ण करायला सांगितलं. त्यानंतर कंपनीने जाहीर केलेल्या 5,000 ते 10,000 रुपयांच्या भरपाईत अट हीच होती की विमान सुटायच्या आधीच्या 24 तासांत रद्द झालेलं असावं. सर्वाधिक त्रास झालेल्या प्रवाशांना दिलेली 10,000 रुपयांची प्रवास-व्हाउचरं त्याहून वेगळी होती.

आपल्या जोडप्याकडे परत येऊ. डेहराडूनचं 11चं विमान आता चुकणार. त्याचे पैसे पुण्याच्या विमान कंपनीकडून मिळतील का? दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असते, तर पुढचं विमान गाठून देण्याची जबाबदारी कंपनीवर राहिली असती. वेगळ्या पीएनआरवर असल्यामुळे तिच्या दृष्टीने हे जोडपं फक्त दिल्लीपर्यंत जाणारं आहे. तेव्हा त्यांनी परताव्याचा दुवा दाबण्याआधी पर्यायी विमानांची यादी उघडून पाहावी. बुधवारी रात्रीचं किंवा गुरुवारी त्याहून पहाटेचं विमान मिळालं, तर पुढचा प्रवास वाचतो. आयत्या वेळी दिल्लीचं नवं तिकीट काढायला परताव्यात मिळालेल्या रकमेच्या दुप्पट पैसे लागू शकतात, आणि तो फरक भरून देण्याचं बंधन नियमात नाही. सोयीचं विमान त्या यादीत दिसत नसेल पण कंपनीच्या संकेतस्थळावर विक्रीला असेल, तर फोन करून त्याच विमानाचा क्रमांक सांगून जागा मागावी. यादी यंत्राने बनवलेली असते. फोनवरचा माणूस तिच्या बाहेर जाऊ शकतो.

मात्र एकदा पर्यायी विमान घेतलं की कंपनीच्या यंत्रणेत प्रश्न मिटलेला असतो. दुसऱ्या दिवशी मन बदललं, तर तो बदल आपल्या खर्चाने.

वेळा तपासून झाल्या की त्याच ओळीतली विमानतळाची तीन अक्षरं नीट पाहावीत. ही सवय महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या प्रवाशांना आता लावून घ्यावीच लागेल. गोव्यात दाबोळी म्हणजे GOI आणि जानेवारी 2023 पासून सुरू झालेला मोपा म्हणजे GOX. मुंबईचा जुना विमानतळ BOM, आणि डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा NMI. मेलमध्ये शहराचं नाव जवळजवळ सारखंच दिसतं, फरक या तीन अक्षरांत असतो. पेडण्यात उतरून मडगावला जायचं, किंवा बोरिवलीहून उलव्याला विमान पकडायला निघायचं, म्हणजे वेळ न बदलताही दोन-तीन तास आणि टॅक्सीचं मोठं भाडं. विमानतळ बदलला असेल, तर ते वेगळंच विमान आहे असं समजून लेखी परतावा मागावा. टर्मिनलचंही तसंच, पण तिथे परताव्याचा प्रश्न नसतो. फक्त घरून लवकर निघावं लागतं.

मध्यरात्रीच्या विमानांची तारीख स्वतंत्रपणे तपासावी. शुक्रवारी 23.50चं विमान 00.35ला गेलं तर बदल पाऊण तासाचा, पण नव्या रकान्यात शनिवारची तारीख हवी. तिथे शुक्रवारच असेल, तर विमान 23 तास अलीकडे आलेलं आहे आणि आपण विमानतळावर पोचू तेव्हा ते कधीच निघून गेलेलं असेल. रात्री 8 ते पहाटे 3 या वेळेतल्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर झाला, तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण कंपनीने करायची असते, हेही इथेच लक्षात ठेवावं.

खाण्यापिण्याच्या सोयीचा नियम ऐकून माहीत असतो, पण वेळबदलाच्या मेलनंतर त्याचं घड्याळ सरकतं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला अल्पोपाहार मिळायला हवा. हे दोन तास जाहीर केलेल्या वेळेपासून मोजतात, आणि नवी वेळ आधी कळवलेली असेल तर त्या नव्या वेळेपासून.

आता मुदत. उत्तर कधीपर्यंत द्यायचं, हे मेलमध्ये एका जागी ठळकपणे लिहिलेलं असेल असं धरून चालू नये. कधी ती दुव्याच्या खालच्या ओळीत असते: हा दुवा अमुक तासांसाठी वैध. कधी ती वाक्याच्या पोटात असते: नवी वेळ सोयीची असल्यास काही करण्याची गरज नाही. हे दुसरं वाक्य फार काळजीपूर्वक वाचावं. त्याचा अर्थ असा की आपलं गप्प बसणं कंपनी होकार समजणार आहे. प्रवाशाने इतक्या तासांत कळवलंच पाहिजे अशी मुदत डीजीसीएच्या नियमांत नाही. ती कंपनी स्वतः घालते. त्यामुळे दुवा बंद पडला म्हणून हक्क संपला असं मानू नये, पण त्यानंतरचा रस्ता फोन आणि तक्रारीचा होतो, लांबचा आणि थकवणारा.

खरी अंतिम रेघ म्हणजे नवं विमान सुटण्याची वेळ. त्याआधी काहीच कळवलं नाही आणि गेलोही नाही, तर यंत्रणेत ‘नो शो’ अशी नोंद होते, आणि मग कर व विमानतळ शुल्काखेरीज फारसं काही हाती लागत नाही. नकार द्यायचा असेल तर तो विमान सुटण्याआधी, आणि लेखी. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: नव्या वेळेच्या विमानासाठी वेब चेक-इन केलं की तोही होकारच. परताव्याचा विचार चालू असताना ‘निदान जागा तरी धरून ठेवू’ म्हणून चेक-इन करू नये.

परदेशातल्या मुलामुलींनी आईवडिलांची तिकिटं काढणं आता घरोघरी चालतं, आणि मुदतीचा सगळ्यात मोठा घोळ तिथे होतो. मेल आणि एसएमएस तिकीट काढणाऱ्याला जातात. शिकागोतल्या मुलीच्या इनबॉक्समध्ये मेल मंगळवारी पहाटे 4ला आला असं दिसतं. तेव्हा नागपुरात, उन्हाळा-हिवाळ्यानुसार, मंगळवार दुपारचे अडीच किंवा साडेतीन झालेले असतात. मेलमधल्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा त्या-त्या विमानतळाच्या स्थानिक असतात, इनबॉक्सची वेळ मात्र फोन जिथे आहे तिथली. 24 तासांचा हिशेब करताना दोन्ही भारतीय वेळेत आणून मगच वजाबाकी करावी. आणि बुकिंग करताना प्रवास करणाऱ्याचा भारतातला मोबाइल क्रमांक द्यावा, कारण उद्या ‘आम्ही कळवलं होतं’ असं कंपनी म्हणेल तेव्हा ती त्याच क्रमांकाकडे बोट दाखवेल.

तिकीट एजंटकडून किंवा पोर्टलवरून घेतलं असेल, तर सूचना आधी त्यांच्या पडद्यावर जाते. एजंटच्या आरक्षण यंत्रणेत जुन्या टप्प्यापुढे UN आणि नव्या टप्प्यापुढे TK अशी खूण येते. पहिलीचा अर्थ ‘हे विमान नाही’, दुसरीचा ‘नवी वेळ, प्रवाशाला कळवा’. एजंटने ती नवी वेळ तुम्हाला न विचारताच मान्य केली की तिथली खूण HK होते, म्हणजे पक्कं. त्यामुळे एजंटला फोन करून पहिला प्रश्न हाच विचारावा: तुम्ही बदल स्वीकारला आहे का? नसेल, तर थांबा म्हणून सांगावं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवावं. परताव्याची जबाबदारी एजंटकडून घेतलेल्या तिकिटाच्या बाबतीतही विमान कंपनीवरच असते, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी. ‘पैसे पोर्टलकडून घ्या’ एवढं सांगून कंपनीला हात झटकता येत नाहीत.

आता पैसे. आपल्या उदाहरणात एका तिकिटाचे 5,680 रुपये झाले असं धरू: मूळ भाडं 4,300, इंधन आकार 600, उरलेले 780 कर आणि विमानतळ शुल्क. शिवाय खिडकीच्या जागेचे 300 आणि पोर्टलचं सुविधा शुल्क 350. कंपनीने बदल केल्यामुळे मिळणारा परतावा 5,680 रुपयांचा, आणि न वापरलेल्या जागेचे 300ही मागावेत. पोर्टलचं सुविधा शुल्क मात्र बहुधा परत येत नाही, कारण ते पोर्टलने आपल्या सेवेसाठी घेतलेलं असतं.

हेच तिकीट नेहमीच्या ‘बुकिंग रद्द करा’ या बटणातून रद्द केलं तर काय होतं ते पाहा. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन आकार यापेक्षा जास्त असू नये, इतकंच बंधन आहे. म्हणजे सर्वांत वाईट स्थितीत 4,900 कापले जाऊन हातात 780 रुपये येतील. एकाच संकेतस्थळावरची दोन बटणं, आणि फरक माणशी 4,900 रुपयांचा. म्हणून रद्द करायचं ते वेळबदलाच्या मेलमधल्या दुव्यातून किंवा संकेतस्थळावरच्या वेळबदलाच्या पानावरूनच, आणि शेवटच्या पडद्यावर ‘रद्द शुल्क’ या ओळीपुढे शून्य दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. शून्य दिसत नसेल तर आपण चुकीच्या दारातून आत आलो आहोत. तिथूनच मागे फिरावं.

त्याच पडद्यावर आणखी दोन गोष्टी तपासायच्या. पीएनआरवर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन टप्पे असतील, तर रद्द करण्याची खूण कुठल्या टप्प्यापुढे आहे? दोन्हींपुढे असेल तर परतीचं चांगलं, स्वस्त तिकीटही त्यासोबत जाईल. आणि पीएनआरवर चार माणसं असतील व दोघांनाच पैसे हवे असतील, तर आधी फोन करून पीएनआर विभागून घ्यावा लागतो. दुव्यातून केलेला निर्णय बहुतेक वेळा सगळ्यांना लागू होतो.

मग प्रश्न येतो परतावा कुठे जमा होणार. पर्यायांत ‘क्रेडिट शेल’ किंवा ‘वॉलेट’ वर असतं, कधी त्यावर थोडी जास्त रक्कमही देऊ केलेली असते, आणि Refund to original mode of payment हा पर्याय शेवटी. नियमानुसार क्रेडिट शेल घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं. कंपनीने ते आपोआप माथी मारायचं नाही. कोविडच्या टाळेबंदीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1 ऑक्टोबर 2020च्या निकालात आर्थिक अडचणीतल्या कंपन्यांना क्रेडिट शेल देण्याची मुभा मिळाली, पण 31 मार्च 2021 पर्यंत ते वापरलं गेलं नाही तर पैसे परत करायचे, आणि तोवर दरमहा ठरलेल्या दराने ते वाढवत न्यायचं, अशा अटीवर. ती सवलत त्या विलक्षण काळापुरती होती. माझं मत विचाराल तर, त्याच कंपनीचं पुढचं तिकीट निश्चित काढायचं असेल तरच शेल घ्यावं. त्याला वापराची मुदत असते, ते नेहमी दुसऱ्याच्या नावाने वापरता येत नाही, आणि एकदा घेतलं की रोख रकमेत बदलून मिळणं जवळपास अशक्य असतं.

भारताबाहेरच्या प्रवासात मेल वाचण्याची रीत हीच, फक्त रेघा वेगळ्या ठिकाणी आहेत. युरोपीय संघातून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तिथला 261/2004 हा नियम लागू होतो. फ्रँकफर्टहून मुंबईला येणारं भारतीय कंपनीचं विमानही त्यात आलं. तिथे पूर्वसूचनेची रेघ 14 दिवसांची आहे, आणि विमान एक तासाहून अधिक अलीकडे आणलं तर ते रद्द झाल्यासारखंच मानावं, असा निर्णय तिथल्या न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये दिला. अमेरिकेत 2024च्या नियमाने वेळबदलाची व्याख्याच पक्की केली: देशांतर्गत तीन तास, आंतरराष्ट्रीय सहा तास. त्याहून लवकर सुटणारं किंवा त्याहून उशिरा पोचणारं विमान नाकारलं तर पैसे परत. विमानतळ बदलणं किंवा थांबे वाढणं यांचाही त्या व्याख्येत समावेश आहे. आपल्या नियमांत विमान अलीकडे आणण्याबद्दल अशी स्पष्ट रेघ असती तर बरं झालं असतं, कारण पहाटे चारला उठून लांबचा रस्ता कापत विमानतळ गाठणाऱ्या गडचिरोलीच्या माणसाला दोन तास अलीकडे आलेलं विमान सहा तास उशिरा सुटणाऱ्या विमानापेक्षा जास्त महागात पडतं.

दुवा दाबण्याआधी मेल खरा आहे याची खात्री करावी. मोठ्या गोंधळाच्या काळात परताव्याच्या नावाखाली खोटे मेल आणि खोटे हेल्पलाइन क्रमांक पसरतात. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून पीएनआर टाकावा. बदल खरा असेल तर तो तिथेही दिसतो. परताव्यासाठी कार्डाचा पिन किंवा ओटीपी लागत नाही.

नकार कळवताना चार ओळी पुरतात. पीएनआर, जुना विमान क्रमांक आणि वेळ, नवा क्रमांक आणि वेळ, सूचना मिळाल्याची तारीख आणि वेळ. मग ‘हा बदल मला मान्य नाही, डीजीसीएच्या विभाग 3, मालिका एम, भाग 4 नुसार पूर्ण रक्कम मूळ पेमेंट पद्धतीनेच परत करावी, क्रेडिट शेल नको’. सूचना 24 तासांच्या आत आली असेल तर भरपाईचा आकडाही इथेच लिहावा, कारण ती आपोआप खात्यात येईल अशी वाट पाहत बसण्यात दिवस जातात.

क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील तर परतावा सात दिवसांत व्हायला हवा. सातव्या दिवसानंतर कंपनी ‘आम्ही पाठवले’ म्हणते आणि बँक ‘आले नाहीत’ म्हणते, तेव्हा कंपनीकडून त्या परताव्याचा एआरएन क्रमांक मागून घ्यावा. त्यावरून बँकेला व्यवहार शोधता येतो. कंपनीकडे तो क्रमांकच नसेल, तर पैसे अजून निघालेले नाहीत असं समजावं. मग कंपनीचा नोडल अधिकारी, त्याच्यावर अपील अधिकारी. दोघांची नावं आणि पत्ते संकेतस्थळावर द्यावेच लागतात. त्यांच्यासोबतच सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि मेल, फ्लाइट स्टेटसचं छायाचित्र व आपला लेखी नकार जोडावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.